मोजण्यात आला, पण कुणी आणि कसा?

ही प्रस्तावना तीन वाक्यांबद्दल आहे. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाच्या कच्च्या मसुद्यात, ‘संशोधन पद्धती’ या प्रकरणात, ती होती. विषय कुपोषणाचा आणि क्षेत्र सातपुड्यातलं. वाक्यं अशी होती:

‘धडगाव तालुक्यातील निवडक पाड्यांमधील सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील बालकांची यादृच्छिक पद्धतीने निवड करण्यात आली. प्रमाणित साधनांच्या साहाय्याने बालकांचे वजन, उंची व दंडाचा घेर मोजण्यात आला. बालकांचे वय पालकांना विचारून नोंदवण्यात आले.’

वाचताना कुठे अडखळायला होत नाही. व्याकरण शुद्ध आहे, भाषा प्रबंधाला शोभणारी आहे, आणि असे परिच्छेद मी आजवर शेकड्यांनी वाचले आहेत. तरीही या तीन वाक्यांवरून दुसऱ्या कुणाला हेच काम पुन्हा करता येणार नाही. असा परिच्छेद दुरुस्त कसा करायचा, हाच या पुस्तिकेचा विषय आहे. नंदुरबार जिल्ह्यात बसून प्रबंध लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्यांसाठी ती लिहिली आहे, म्हणून उदाहरणंही इथलीच घेतली आहेत.

दुरुस्तीची जी रीत मी वापरतो ती साधी आहे. लिहिणाऱ्याला समोर बसवायचं, पण बोलू द्यायचं नाही. मजकूर विषयाची जाण असलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हातात द्यायचा आणि सांगायचं, यात लिहिलंय तेवढंच कर. तो जिथे थांबेल किंवा स्वतःच्या मनाने काही ठरवेल, तिथे समासात खूण करायची. वरच्या परिच्छेदासाठी हा प्रयोग आम्ही माझ्या घराच्या ओट्यावर केला. मोजायला माझा तीन वर्षांचा नातू होता आणि टेप विद्यार्थिनीचीच होती. मसुदा हातात असलेला मुलगा आहारशास्त्राचाच विद्यार्थी. त्याने नातवाचा उजवा हात धरला, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध नजरेनेच अंदाज घेतला, टेप गुंडाळली आणि वाचलं: १५८ मिलिमीटर. विद्यार्थिनीला राहवेना. ती म्हणाली, ‘सर, असं नाही केलं मी.’ मग तिने तिच्या पद्धतीने मोजून दाखवलं. आकडा आला १५३.

मूल तेच, टेप तीच, मध्ये पाच मिनिटंही गेली नव्हती, आणि फरक पाच मिलिमीटरचा. माझा नातू धडधाकट आहे, त्याच्या बाबतीत या फरकाने काही बिघडत नाही. पण सहा ते एकोणसाठ महिन्यांच्या मुलांत ११५ मिलिमीटरच्या खाली दंडाचा घेर गेला की मूल तीव्र कुपोषित धरतात, आणि ११५ ते १२५च्या आत असेल तर मध्यम. अंगणवाडीतल्या भाषेत सॅम आणि मॅम. म्हणजे अख्खा मॅमचा पट्टा दहा मिलिमीटरचा, आणि त्यातला निम्मा आमच्या ओट्यावर केवळ मोजण्याच्या रीतीत वाहून गेला.

तिने काय केलं होतं ते तिच्याकडून मी सावकाश काढून घेतलं. डावा हात घेतला होता. कोपर काटकोनात दुमडून खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंत अंतर मोजलं, ते निम्मं करून तिथे बॉलपेनने टिंब केलं. मग हात सरळ खाली सैल सोडायला लावून त्या टिंबावरून टेप फिरवली. टेप कातडीला सगळीकडे टेकेल पण कातडी दाबली जाणार नाही इतकी ताणली. आकडा एक मिलिमीटरपर्यंत वाचला. प्रशिक्षणात शिकवतात ती हीच रीत, आणि तिने ती मन लावून पाळली होती. प्रबंधात मात्र यातलं एक अक्षर आलं नाही. कारण विचारलं तर म्हणाली, ‘हे तर सगळ्यांना माहीतच असतं ना.’ ज्याला ते माहीत असायला हवं होतं तो मुलगा तिच्या शेजारीच बसला होता.

टेपचीही एक गोष्ट आहे. रंगीत टेपवर लाल, पिवळा, हिरवा असे पट्टे असतात, आणि पुष्कळ प्रबंधांत ‘लाल पट्ट्यात आलेली बालके’ एवढंच लिहिलेलं सापडतं. पण जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००९ साली तीव्र कुपोषणाची सीमा ११० वरून ११५ मिलिमीटरवर आणली. त्याआधीच्या टेपवर लाल पट्टा ११०ला संपायचा. जुन्या टेपा लोकांच्या कपाटांत वर्षानुवर्षं पडून असतात. ११२ मिलिमीटरचं मूल एका टेपवर लाल दिसेल, दुसरीवर दिसणार नाही. म्हणून रंग लिहू नये, मिलिमीटर लिहावेत आणि सीमा कुठली धरली तेही लिहावं. एका ओळीचं काम आहे.

आता ‘मोजण्यात आला’ या क्रियापदाकडे वळतो. मराठी प्रबंधांचा हा खास आजार आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ‘करण्यात आले’, ‘घेण्यात आले’, ‘नोंदवण्यात आले’ अशी वाक्यं कर्त्याशिवाय उभी राहतात, आणि आपल्याकडे तीच शास्त्रीय भाषा समजली जाते. पण पद्धतीच्या प्रकरणात कर्ता हीच माहिती असते. विद्यार्थिनीच्या बाबतीत खरं असं निघालं की पहिल्या दोन पाड्यांत दंड तिने स्वतः मोजले. तिसऱ्या पाड्यात मुलं फार रडायला लागली, म्हणून ओळखीच्या अंगणवाडी सेविकेने मोजलं आणि हिने आकडे टिपले. यात गैर काही नाही. मात्र दोन माणसांचे हात दोन तऱ्हेने टेप ताणतात, आणि तिसऱ्या पाड्यात कुपोषण कमी दिसलं तर ते पाड्यामुळे की हातामुळे, हे कर्ता लिहिल्याशिवाय कळणार नाही. म्हणून मसुदा हाती आला की मी आधी पेन्सिल घेऊन प्रत्येक ‘-ण्यात आले’खाली रेघ मारतो आणि समासात एकच शब्द लिहितो: कुणी? ‘मी’ हा शब्द प्रबंधात चालतो का, असं विद्यार्थी विचारतात. चालायला हवा. ज्या गाईडना तो खटकतो त्यांच्यासाठी ‘संशोधिकेने’ लिहावं, पण कर्ता मात्र लिहावाच.

सगळ्यात जास्त वेळ तिसऱ्या वाक्याने खाल्ला: वय पालकांना विचारून नोंदवण्यात आले. ज्या घरी जन्माचा दाखला किंवा माता-बाल संरक्षण कार्ड आहे तिथे काही प्रश्न नाही, तारीख उतरवून घ्यायची आणि कुठून घेतली ते लिहायचं. खरी अडचण आहे ती कार्ड पावसात भिजलेल्या, हरवलेल्या किंवा मूल घरीच जन्मलेल्या घरांची. तिथे आई म्हणते, ‘दुसरं चालू आहे.’ आपल्या बोलण्यात दुसरं चालू म्हणजे एक वर्ष पुरं होऊन दुसरं लागलं. मूल तेरा महिन्यांचंही असू शकतं आणि तेवीस महिन्यांचंही. विद्यार्थिनीच्या वहीत अशा मुलांपुढे ‘२ वर्षे’ असं लिहिलेलं होतं, आणि संगणकात भरताना त्याचे चोवीस महिने झाले होते.

याने काय होतं ते एका मुलावर पाहू. मुलगा, वजन ९.२ किलो. तो खरं तर अठरा महिन्यांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या तक्त्यात अठरा महिन्यांच्या मुलग्यासाठी कमी वजनाची रेघ ८.८ किलोवर आहे. तो रेघेच्या वर आहे, म्हणजे वयाच्या मानाने वजन ठीक. त्यालाच चोवीस महिन्यांचा धरला तर रेघ ९.७वर जाते आणि तो कमी वजनाचा ठरतो. मुलाचं वजन एक ग्रॅमही बदललेलं नाही. असं वीस-पंचवीस मुलांचं झालं की प्रबंधाचा निष्कर्षच वेगळा येतो, आणि पुढच्या वर्षी दुसरा कुणी त्याच पाड्यात जाऊन महिने नीट मोजून आला की ‘कुपोषण घटले’ असं लिहील.

यावर जगभर वापरतात तो उपाय म्हणजे स्थानिक घटनांचं कॅलेंडर, आणि आपल्या जिल्ह्यात ते बनवणं फार सोपं आहे. इथलं वर्षच सणांनी आणि जत्रांनी आखलेलं आहे: होळी आणि तिच्या आधीचे भोंगऱ्याचे बाजार, आखाजी, पेरणीचा पहिला पाऊस, पोळा, दिवाळीच्या दिवसांतली अस्तंबा यात्रा, दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा. ‘बाळ झालं तेव्हा होळी होऊन गेली होती का? आखाजी यायची होती का?’ असं विचारत गेलं की बहुतेक आया महिना-दीड महिन्याच्या आत येऊन थांबतात. पण पद्धतीत नुसतं ‘स्थानिक घटनांच्या कॅलेंडरच्या मदतीने’ लिहिणं म्हणजे पुन्हा पहिल्याच ठिकाणी येणं. कॅलेंडर परिशिष्टात जोडावं. त्यात त्या-त्या वर्षीच्या तारखा असाव्यात, कारण होळी दर वर्षी त्याच तारखेला येत नाही. आणि नियम लिहावा: आईने दोन सणांमधला काळ सांगितला तर मधली तारीख धरली, की आधीची? विद्यार्थिनी म्हणाली, ‘मधली धरली, पण प्रत्येक वेळी नाही.’ हे उत्तर प्रामाणिक होतं. मी तिला तसंच लिहायला सांगितलं, आणि अशा किती मुलांचं वय अंदाजे आहे तो आकडाही द्यायला सांगितलं.

प्रश्न कुठल्या भाषेत विचारला, हेही इथेच येतं. घरी पावरी बोलणारी मुलगी आईशी पावरीत बोलते, नंदुरबार शहरातून गेलेला मुलगा मराठीत विचारतो आणि सेविका भाषांतर करते. उत्तरं सारखी येतील असं धरून चालू नये. प्रश्न ज्या शब्दांत विचारला ते शब्द देवनागरीत, जसेच्या तसे, परिशिष्टात द्यावेत. आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांना इथली एखादी बोली घरातूनच मिळालेली आहे, आणि बाहेरच्या संशोधकाला ती मिळवायला वर्षं लागतात. प्रबंधात मात्र तिचा उल्लेखही सापडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पहिल्या वाक्यात तीन अडचणी आहेत. त्यातल्या दोन पटकन सांगतो. लोक ‘धडगाव तालुका’ म्हणतात, सरकारी दप्तरात तो अक्राणी आहे. जनगणनेच्या तक्त्यात धडगाव तालुका शोधणारा रिकाम्या हाताने परततो. आणि पाडा जनगणनेत वेगळा मोजलेला नसतो, तो महसुली गावाच्या पोटात असतो. म्हणून अक्राणी तालुका, महसुली गाव आणि त्यातला पाडा असं लिहावं. मात्र चाळीस घरांच्या पाड्याचं नाव आणि ‘तीव्र कुपोषित बालके २’ हे दोन्ही एकत्र छापलं तर ती दोन मुलं कोणाची हे सगळ्या गावाला कळतं. अशा वेळी पाड्यांना क्रमांक द्यावेत, नावांची यादी गाईडकडे बंद पाकिटात ठेवावी आणि तसं केल्याचं लिहावं. दुसरा संशोधक ती रीतसर मागू शकतो.

तिसरी अडचण ‘यादृच्छिक’ या शब्दाची. मी विचारलं, म्हणजे नेमकं काय केलंस? तिने अंगणवाडीच्या रजिस्टरातून मुलांची यादी उतरवून घेतली होती. चौसष्ट नावं निघाली, त्यांना क्रमांक दिले, चिठ्ठ्या टाकून तीस काढल्या. शब्दाला जागणारं काम होतं! तरी पुढचे दोन प्रश्न उरत होते. रजिस्टर कुठल्या महिन्याचं होतं, आणि जी घरं बंद होती त्यांचं काय केलं? सर्वेक्षण डिसेंबरात झालं होतं. सातपुड्यातली पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला, मजुरीला गुजरातकडे जातात आणि होळीला परततात. तीसपैकी बावीस मुलं पहिल्या फेरीत भेटली, पाच दुसऱ्या फेरीत, तीन गावातच नव्हती. तिने त्या तिघांच्या जागी शेजारच्या घरातली तीन मुलं घेतली. प्रबंधात आकडा होता फक्त तीस.

ही अदलाबदल लहान दिसते, पण जी मुलं उसाच्या फडावर गेली ती आणि जी मागे राहिली ती सारखी नसतात. जे घर बाहेर पडलं त्याची परिस्थिती बहुधा वेगळी असते, कधी बिकट, कधी नाही. डिसेंबरातला आकडा त्यामुळे राहिलेल्यांचा आकडा आहे. तोच पाडा दुसऱ्या कुणी होळीनंतर मोजला तर वेगळा आकडा येईल आणि दोघंही बरोबर असतील. महिना, रजिस्टरची तारीख, दोन फेऱ्यांतलं अंतर, भेटलेली आणि न भेटलेली मुलं आणि बदली घेतलेली मुलं एवढं लिहिलं की ही गल्लत होणार नाही.

उंचीचं आणि वजनाचं मी थोडक्यात आटोपतो, पुढच्या प्रकरणांत ते सविस्तर आहे. दोन वर्षांच्या आतलं मूल झोपवून मोजायचं, वरचं उभं करून. दोन वर्षांवरचं मूल उभं राहिना म्हणून झोपवून मोजलं तर आकड्यातून ०.७ सेंटिमीटर वजा करतात. तिने वजा केले का? ‘आठवत नाही.’ काटा रोज सकाळी माहीत असलेल्या वजनाने तपासला का? ‘पहिल्या दिवशी तपासला.’ अंगावरचे कपडे, पायातली चांदीची कडी? ‘कपडे काढले, कडी नाही काढू दिली.’

इथे तपासणाऱ्याची खरी कसोटी असते. वाक्य सुंदर करण्याच्या भरात ‘काटा दररोज तपासण्यात आला’ असं लिहून टाकणं हाताला सोपं जातं, कारण पुस्तकात तसं लिहिलेलं असतं. तसं केलं की तपासनीसाने खोटा पुरावा तयार केला असं मी समजतो. जे झालं नाही ते झालं नाही म्हणून लिहायचं, आणि जे आठवत नाही तिथे ‘नोंद नाही’ असे दोन शब्द लिहायचे. कडी काढली नाहीत एवढं जरी लिहिलं तरी पुढचा माणूस ठरवू शकतो की त्याने काढायची की नाही. म्हणूनच दुरुस्तीला बसताना मी संगणकातली फाईल नव्हे, क्षेत्रातली वही मागतो, चिखलाचे डाग असलेली. ती नसेल तर दुरुस्तीने काहीच परत येत नाही.

हा त्रास आपल्याच विद्यार्थ्यांपुरता नाही. अमेरिकेत २०१३ साली कर्करोगावरच्या गाजलेल्या शोधनिबंधांतले प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. निवडले होते १९३ प्रयोग. २०२१ साली त्यांनी हिशोब मांडला, तेव्हा त्यातला एकही प्रयोग छापलेल्या मजकुरावरून, मूळ लेखकांना न विचारता, आखता आला नव्हता. शेवटी पन्नास प्रयोग कसेबसे पार पडले. तिथे प्रश्न रसायनांचा आणि पेशींचा होता, पण आमच्या ओट्यावर ज्या जागी तो मुलगा अडला होता, त्याच जातीच्या जागी तेही अडले.

एक मर्यादा मान्य केली पाहिजे. टेप किती ताणायची हे शब्दांत पुरतं सांगता येत नाही. ‘टेकेल पण दाबणार नाही’ हे वाचून दहा जण दहा तऱ्हेने ताणतील. तिथे शब्द वाढवण्याऐवजी आकडा द्यावा: माझा हात किती चुकतो? त्यासाठी दहा मुलांचा दंड दोनदा मोजायचा, दुसऱ्यांदा मोजताना पहिला आकडा झाकून. समजा दोन वेळांतले फरक मिलिमीटरमध्ये १, ०, २, ३, १, ०, २, १, ४, २ असे आले. प्रत्येक फरकाचा वर्ग करून बेरीज करायची, ती इथे ४० येते. तिला मुलांच्या संख्येच्या दुपटीने, म्हणजे वीसने भागलं की २, आणि त्याचं वर्गमूळ सुमारे १.४. म्हणजे या हाताची चूक साधारण दीड मिलिमीटर. आता वाचणाऱ्याला कळतं की ११४ आणि ११६ची मुलं या हातात सीमेच्या अलीकडे-पलीकडे होऊ शकतात, पण १०८चं मूल तीव्र कुपोषितच आहे. सेविकेचीही अशीच दहा मुलं मोजून घेतली तर तिसऱ्या पाड्याचा प्रश्नही बराच सुटतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे, मात्र ते क्षेत्रात असतानाच करावं लागतं.

विद्यार्थिनीने तीन वाक्यांचं दीड पान केलं. गाईडची पहिली तक्रार लांबीची होती, आणि ती रास्त होती. म्हणून टेप, काटा आणि कॅलेंडर यांचे तपशील परिशिष्टात गेले आणि मूळ प्रकरणात दोन परिच्छेद राहिले. त्यातला एक असा आहे:

‘दंडाचा घेर संशोधिकेने पाडा १ व २ मध्ये आणि अंगणवाडी सेविकेने पाडा ३ मध्ये मोजला. डावा हात कोपरात काटकोनात ठेवून खांद्याच्या व कोपराच्या हाडांच्या टोकांमधील मध्यबिंदूवर खूण केली. हात सैल सोडून त्या खुणेवर न ताणणाऱ्या टेपने १ मिलिमीटरपर्यंत वाचन घेतले. प्रत्येक बालकाचे एकच वाचन घेतले. दोघींच्या मोजणीतील फरक तपासलेला नाही.’

शेवटचं वाक्य लिहिताना ती बराच वेळ थांबली होती. त्यामुळे मार्क जातील का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मौखिकीत या वाक्यावर प्रश्न येईल, आणि त्याचं उत्तर तुझ्याकडे आहे.

मग हा मजकूर त्याच मुलाच्या हातात पुन्हा दिला, नातवाला ओट्यावर बसवलं, आणि ती गप्प बसली. त्याने डावा हात घेतला, कोपर दुमडलं, टिंब केलं, हात सोडायला लावला. १५४. दोन ठिकाणी मात्र तो अजून थांबला. एकदा विचारलं, बंद घरांची दुसरी फेरी दिवसाच्या कुठल्या वेळी केली, कारण दुपारी माणसं शेतात असतात. आणि दुसऱ्यांदा, नातू हात ताठ धरून बसला होता तेव्हा: मूल हात सैल सोडतच नसेल तर किती वेळ थांबायचं? तिने वही उघडली. पहिल्याचं उत्तर वहीत होतं, संध्याकाळी पाचनंतर. दुसऱ्याचं नव्हतं.